पहिली नोकरी सोडून घरच्या वर्कशॉपमध्ये जातोय, राजीनाम्याचं पत्र बघून द्या

चाकण_रिटर्न

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकलवाला. चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, वर्षाने कन्फर्म झालो, सध्या सप्लायर क्वालिटीत आहे. पहिलीच नोकरी. बाबांचं भोसरीला जे ब्लॉकमध्ये वर्कशॉप आहे, दोन सीएनसी टर्निंग, एक जुनं व्हीएमसी, ड्रिलिंग-टॅपिंग आणि सात-आठ माणसं, बुश, पिना, स्पेसर असली कामं चालतात. आता दुसरं व्हीएमसी घेतलंय, ते दसऱ्याच्या मुहूर्तावर बसतंय आणि बाबांचं म्हणणं की मशीन उतरेल तेव्हा तू इथे पाहिजेस, ऑपरेटरच्या भरवशावर नवीन मशीन सोडायचं नाही. जायचं हे ठरलंय, घरात सगळं बोलून झालंय, प्रश्न फक्त पत्राचा आहे.

१ सप्टेंबरला राजीनामा द्यायचा विचार आहे. दसरा २० ऑक्टोबरला, म्हणून १७ तारखेला मोकळं व्हायचंय. मेल अर्थात इंग्रजीतच जाणार, पण इथे मराठीत टाकतो म्हणजे मजकुरावर बोलता येईल:

"आदरणीय सर, अत्यंत जड अंतःकरणाने हे पत्र लिहीत आहे. या कंपनीने मला घडवलं. माझ्या वडिलांनी एका जुन्या लेथवर सुरू केलेला व्यवसाय आज वाढला आहे, त्यांचं वय होत आलं आहे आणि एकुलता एक मुलगा म्हणून ती जबाबदारी माझ्यावर आहे. गेल्या अप्रेजलमध्ये माझ्या कामाला न्याय मिळाला नाही तरी माझ्या मनात कोणतीही कटुता नाही. १७ ऑक्टोबर हा माझा शेवटचा दिवस राहील. आमच्याकडे आता दोन व्हीएमसी होत असल्याने पुढे व्हेंडर म्हणून कंपनीची सेवा करायची संधी मिळाली तर आनंदच होईल. काही चुकलं असेल तर क्षमस्व."

जास्त लांबलंय का? मित्र म्हणतो दोन ओळी टाक आणि मोकळा हो, पण मला ते कोरडं वाटतं.

---

खडूस_चहा

"अत्यंत जड अंतःकरणाने" वाचून मला वाटलं कोणीतरी गेलं 😂

मित्र बरोबर बोलतोय. "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे, धन्यवाद", संपला विषय. कोणी वाचत नाही रे, एचआर फक्त तारीख बघते. आणि १७ तर १७, नोटीसचे राहिलेले दिवस पैसे भरून सुटता येतं, तो आपला हक्क आहे. बाँडबिंड असेल तर त्याचंही टेन्शन घेऊ नको, आपल्याकडे बाँड बेकायदेशीर आहे.

---

निगडी_प्राधिकरण

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या मिस्टरांचं पण भोसरीलाच प्रेसशॉप आहे. मुलाने हिंजवडीची नोकरी सोडून यायचं ठरवलं तेव्हा मीच सांगितलं होतं की बाबा रे आधी पगार ठरवून घे, नाहीतर महिनाभर राबून पेट्रोलला पैसे बाबांकडेच मागायचे. आणि उधारी! मोठ्या कंपन्या पैसे थकवतात, मग इकडे स्टीलवाल्याचा फोन सुरू. नीट विचार केलायस ना? लग्नाच्या बाजारात नोकरीवाला मुलगा आणि वर्कशॉपवाला मुलगा यात अजूनही फरक करतात, राग मानू नकोस, पण आहे ते आहे.

---

चाकण_रिटर्न

काकू विचार झालाय 🙏 पगार ठरलाय, आईनेच ठरवून दिलाय. प्रश्न पत्राचा होता.

@खडूस_चहा, बाँड होता पण जॉइनिंगपासून दोन वर्षं, ती उलटून गेली.

---

मृण्मयी_एचआर

मी याच लाइनीत आहे, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात, आणि राजीनामे आम्ही वाचतो बरं का खडूसभाऊ, आणि तेच पत्र फाइलला राहतं.

आधी तारखेबद्दल, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची ओळ ती आहे, जड अंतःकरण वगैरे फार तर कोणी हसेल. "१७ ऑक्टोबर हा माझा शेवटचा दिवस राहील" असं तू स्वतःच्या सहीने लिहून दिलंस आणि तुझी नोटीस दोन महिन्यांची असेल, तर तू पहिल्याच दिवशी लेखी देतोयस की मी अट पाळणार नाहीये. नंतर मॅनेजरने १७ ला सोडलं नाही आणि तू खरंच गेलास तर रिलीव्हिंग लेटर अडकू शकतं, आणि भांडायला तुझ्याकडे काही नाही, कारण कागद तुझाच. म्हणून पत्रात कराराप्रमाणे जी तारीख येते तीच लिहायची. लवकर सोडण्याची विनंती वेगळ्या वाक्यात करायची, आणि ती विनंतीसारखीच दिसली पाहिजे.

उलट टोकालाही जाऊ नकोस. "शक्य तितक्या लवकर" किंवा "तात्काळ" असलं काही लिहिलंस तर ते तुला दुसऱ्या दिवशीच सोडू शकतात, आणि दीड महिन्याचा पगार गेला.

आता अपॉइंटमेंट लेटर काढ आणि नोटीसचं कलम शब्द न् शब्द वाच. दोन गोष्टी बघ. "दोन महिने" आहे का "६० दिवस". आणि नोटीसऐवजी पैसे भरायची सोय असेल तर ती कोणाच्या मर्जीवर आहे. "हक्क आहे" हे सरसकट खरं नाही.

बाँडचं पण तसंच. तुझा संपलाय म्हणून सोड, पण बाकीच्यांनी खडूसभाऊंचं ऐकून निर्धास्त राहू नका. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं नोकरी नाहीतर दोन लाख ही अट वैध धरली आहे. रक्कम वाजवी आहे का, कंपनीचं खरंच नुकसान झालं का, असले मुद्दे येतात, पण "बेकायदेशीर" म्हणून कागद फाडून टाकता येत नाही.

---

चाकण_रिटर्न

ताई धन्यवाद, कलम काढलं. "कायम झाल्यानंतर कोणत्याही बाजूने दोन महिन्यांची लेखी नोटीस, अथवा कंपनीच्या विवेकाधिकारानुसार उर्वरित काळाचा मूळ पगार." म्हणजे मर्जी कंपनीची, बरोबर ना?

बेसिक २१,००० आहे, ग्रॉस ४२,०००. पीएल ११ शिल्लक आहेत, त्या नोटीसमध्ये घातल्या तर सुटतं का?

---

मृण्मयी_एचआर

हो, मर्जी कंपनीची. पण कलम तुझ्या फायद्याचंही आहे, कारण त्यात मूळ पगार म्हटलंय.

हिशोब बघ. १ सप्टेंबरला दिलास तर दोन महिने ३१ ऑक्टोबरला पुरे होतात. १७ ला सुटायचं तर १८ ते ३१ असे १४ दिवस कमी पडतात. २१,००० भागिले ३० गुणिले १४ म्हणजे ९,८०० रुपये कापले जातील. हेच कलमात ग्रॉस असतं तर १९,६०० गेले असते. काही ठिकाणी ३० ऐवजी २६ ने भागतात, मग आकडा थोडा वर जातो, ते पॉलिसीत असतं. फुल अँड फायनलच्या शीटमध्ये कोणीतरी चुकून ग्रॉसवर कापतं असं मी पाहिलंय, तेव्हा कलमाचा फोटो हाताशी ठेव.

पीएलचं म्हणशील तर बहुतेक ठिकाणी नोटीसमध्ये सुट्ट्या "ॲडजस्ट" करायला मॅनेजरची लेखी हो लागते. नाही म्हणाले तर त्या ११ दिवसांचे पैसे फुल अँड फायनलमध्ये मिळतात का ते बघ, बऱ्याच ठिकाणी तेही बेसिकवरच मिळतात, म्हणजे वजाबाकी करून तुझ्या खिशातून फारसं जात नाही. त्यामुळे सुट्ट्यांवरून वाद घालू नकोस, तारखेवर बोल.

---

खडूस_चहा

आणि त्या ९,८०० वर १८ टक्के जीएसटी, ते विसरू नका 😏 माझ्या भावाकडून घेतला होता.

---

मृण्मयी_एचआर

कधीची गोष्ट? आधी त्यावरून घोळ होता हे खरं. पण ऑगस्ट २०२२ मध्ये अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून सांगितलं की नोटीस कमी पडल्याबद्दल कापलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही. आता कोणी लावत असेल तर ते परिपत्रक दाखवा.

---

खडूस_चहा

त्याच्या आधीचीच असेल. बरं, मागे घेतो. बाँडचं पण घ्या. दोन ओळींचं मात्र घेत नाही.

---

परचेसवाले_काका

उशिरा आलो. ऑटो कंपन्यांच्या परचेसमध्ये आयुष्य गेलं, आता घरी बसून नातवाला शाळेत सोडतो. सगळे तारखेत अडकलेत पण मला पत्रातली शेवटून दुसरी ओळ टोचतेय.

चाकण_रिटर्न, सरळ विचारतो. तू सप्लायर क्वालिटीत आहेस. वडिलांचं वर्कशॉप आत्ता कोणाचं काम करतं? तुझ्या कंपनीचं, किंवा तुझ्या कंपनीच्या एखाद्या व्हेंडरचं, काही येतं का तिथे? याचं उत्तर मिळाल्याशिवाय पत्रावर बोलण्यात अर्थ नाही.

---

चाकण_रिटर्न

थेट नाही काका. तळवड्याचा एक व्हेंडर आहे आमचा, तो एका स्पेसरचं टर्निंग बाबांना जॉबवर्कला देतो, साधारण दिवाळीनंतर सुरू झालंय. तो व्हेंडर माझ्याकडे नाही, दुसरा इंजिनिअर बघतो. मी जॉइन झालो तेव्हा फॉर्ममध्ये बाबांचं वर्कशॉप लिहिलं होतं, पण तेव्हा हे काम नव्हतं.

त्या व्हेंडरचं वार्षिक ऑडिट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि टीममध्ये माझं नाव आहे.

---

परचेसवाले_काका

हां, म्हणजे मला जो वास आला तो बरोबर होता.

नीट ऐक. तू काही गैर केलेलं नाहीस, पण आत्ताचं तुझं पत्र आहे तसं गेलं तर वाचणारा काय जोडेल बघ. क्वालिटीतला मुलगा, वडिलांचं वर्कशॉप आपल्याच साखळीत खालच्या पायरीवर, नवीन व्हीएमसी घेतलंय, आणि जाता जाता मुलगा लिहितोय की व्हेंडर करून घ्या. मी त्या खुर्चीत असतो तर पहिला फोन तळवड्याच्या व्हेंडरला केला असता, की बाबा तू यांना काम कोणाच्या सांगण्यावरून दिलंस? तो बिचारा घाबरेल, आणि सगळ्यात आधी काय करेल तर ते काम दुसरीकडे हलवेल. तुझ्या एका गोड वाक्यात वडिलांचं चालू काम जायचं.

म्हणून व्हेंडरवाली ओळ काढ. राजीनाम्यात धंदा मागायचा नसतो. उद्या खरंच व्हेंडर व्हायचं असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे, परचेसकडे रजिस्ट्रेशन फॉर्म असतो, त्यात एक रकाना असतोच की मालक-भागीदारांपैकी कोणी कंपनीत आहे का किंवा होता का. तिथे खरं लिहायचं. काही कंपन्या माजी कर्मचाऱ्याला वर्ष-दोन वर्षं थांबवतात, काही थांबवत नाहीत. तुझ्या कंपनीच्या कोड ऑफ कंडक्टमध्ये असेल तर आत्ताच वाचून ठेव, अकाउंट बंद झाल्यावर ती पीडीएफ मिळत नाही.

दुसरं, आणि हे राजीनाम्याच्या आधी. डिक्लरेशन अपडेट कर. एक छोटा मेल, मॅनेजर आणि एचआरला: जॉइनिंगच्या वेळी जाहीर केलेलं वडिलांचं वर्कशॉप आता अमुक व्हेंडरचं टर्निंगचं जॉबवर्क करतं, तो व्हेंडर माझ्याकडे नाही, पण ऑक्टोबरच्या ऑडिट टीममध्ये माझं नाव आहे ते काढावं ही विनंती. बस. हा मेल राजीनाम्याच्या चार दिवस तरी आधी जाऊ दे. एकाच दिवशी दोन्ही गेले तर लोक दोन्ही एकत्र वाचतात.

---

झूमबराबर

काका हे जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? आमच्याकडे आयटीत कोणाचा बाप काय करतो कोणी विचारत नाही. जाणारच आहे तर स्वतःहून ऑडिटचं वगैरे काढून संशय कशाला द्यायचा, गुपचूप नोटीस काढावी आणि ऑडिटच्या दिवशी सिक लीव्ह.

---

परचेसवाले_काका

आयटीतला बाप बुश टर्न करत नाही म्हणून विचारत नसतील 😄

गंमत सोड. ऑडिटमध्ये तो बसला आणि त्या स्पेसरच्या प्रोसेसला चांगले मार्क पडले, तर सहा महिन्यांनी माल रिजेक्ट झाला की कोणीतरी जुना रिपोर्ट उघडणार आणि खाली याचं नाव दिसणार. सिक लीव्ह टाकली तर नाव टीममध्ये तसंच राहतं. आणि व्हेंडर जॉबवर्क कुठे देतो हे ऑडिटमध्ये विचारतातच, तिथे वर्कशॉपचं नाव निघणार, आडनाव तर एकच आहे. दुसऱ्याने शोधून काढण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

---

मृण्मयी_एचआर

काकांशी शंभर टक्के सहमत, डिक्लरेशन आधी. मला हा अँगल सुचलाच नव्हता, मी तारखेतच होते.

एक भर घालते. अपॉइंटमेंट लेटरमध्ये "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक व्यवसायात जाणार नाही" असं कलम असेल तर घाबरून वर्कशॉप सोडू नकोस. करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची तशी बंदी आपल्याकडे टिकत नाही. पण गोपनीयतेचं कलम वेगळं, ते टिकतं, आणि तुझ्या बाबतीत खरा विषय तोच आहे. तुझ्याकडे व्हेंडरचे रेट, कॉस्टिंग शीट, ड्रॉइंग, पीपॅपच्या फाइली असणार. त्यातलं एक पान पण पर्सनल मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊ नकोस, "शिकायला उपयोगी पडेल" म्हणून पण नाही. राजीनामा पडला की आयटीवाले मागचे दोन-तीन महिने कोणाला काय मेल गेलं ते काढू शकतात. राजीनाम्याच्या मेलमध्ये मात्र स्वतःचा पर्सनल आयडी उघडपणे सीसीत ठेव, लपवून बीसीसी नको. ती तुझीच पोच आहे.

---

चाकण_रिटर्न

बापरे, मी पत्र विचारलं आणि इथे भलतंच निघालं. पण पटलं. डिक्लरेशनचा मेल याच आठवड्यात टाकतो.

मग आता कारण काय लिहू? खडूसभाऊ म्हणतात तसं "वैयक्तिक कारण" एवढंच लिहिलं तर व्यवसायाचा उल्लेखच टळतो.

---

परचेसवाले_काका

माझं मत तेच, "वैयक्तिक" लिही. मेलमध्ये डिक्लेअर केलंयस, तिथे प्रामाणिकपणा झाला. राजीनाम्याच्या कागदावर धंद्याचं नाव आणायची गरज नाही. फाइल कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

---

मृण्मयी_एचआर

इथे मात्र मी वेगळी. "वैयक्तिक कारण" वाचलं की आमच्याकडे रिटेन्शनची मीटिंग लागते. पगार वाढवू का, डिपार्टमेंट बदलू का, कोणी त्रास देतंय का. तू तीन आठवडे "नाही सर" म्हणत फिरणार, तेवढ्यात १७ तारखेची विनंती बाजूला पडणार. "कौटुंबिक व्यवसायात सामील होण्यासाठी" लिहिलं की ती मीटिंग पाच मिनिटांत संपते, कारण वडिलांच्या धंद्यावर काउंटर ऑफर कोणी देत नाही. शिवाय चार दिवस आधी डिक्लरेशन गेलंय आणि नंतर राजीनाम्यात "वैयक्तिक" लिहिलंस, तर मुद्दाम टाळल्यासारखं दिसतं.

आणि पुढे कधी परत नोकरी करावी लागली तर व्हेरिफिकेशनवाले सोडण्याचं कारण विचारतात. तू एक सांगणार आणि रेकॉर्डला दुसरं, ते नको.

फक्त एक ओळ लिही. वडिलांचं वय, एकुलता एक, जुना लेथ, काही नको. व्हीएमसी तर नकोच नको.

---

परचेसवाले_काका

रिटेन्शन मीटिंगचा मुद्दा आहे खरा. तरी मी असतो तर "वैयक्तिक" लिहून मॅनेजरला तोंडी सांगितलं असतं. आमच्या वेळेला असंच चालायचं. तू ठरव बाबा.

---

निगडी_प्राधिकरण

आमच्या मुलाने "फॅमिली बिझनेस" लिहिलं होतं, काही झालं नाही. फक्त त्याच्या मॅनेजरने विचारलं की प्रेसशॉपला माणूस पाहिजे का, त्याच्या मेव्हण्याला लावायचा होता 😄

बरं ते पीएफचं बघितलंस का? आमच्याने लगेच काढला आणि दुकानात घातला.

---

मृण्मयी_एचआर

पीएफ घाईने काढू नकोस. पाच वर्षं सलग पूर्ण होण्याआधी काढला तर रक्कम करपात्र होते आणि ५० हजारांच्या वर असेल तर १० टक्के टीडीएस आधीच कापतात. आत्ता एवढंच कर की सोडल्यावर यूएएन पोर्टलवर "डेट ऑफ एक्झिट" पडली का ते तपास. नाही पडली तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने गेल्यावर तुला स्वतःलाही टाकता येते. पण हे पत्राबाहेरचं झालं.

पत्रात खरं तर हँडओव्हरची एक ओळ हवी आणि ती तुझ्या मसुद्यात नाहीच. मॅनेजर तुला १७ ला सोडेल की ३१ ला, हे त्या ओळीवर ठरेल. त्याला एकच काळजी असते, हा गेल्यावर माझं काय अडेल.

---

चाकण_रिटर्न

हँडओव्हर म्हणजे "सर्व कामे सुपूर्द करीन" एवढंच ना?

---

परचेसवाले_काका

"सर्व कामे" म्हणजे शून्य कामे. क्वालिटीतल्या माणसाने काय अडतं ते मी सांगतो, कारण दुसऱ्या बाजूने मी ते भोगलंय. मागे एकदा आमच्याकडचा एक पोरगा असाच गेला आणि दोन पार्टचं पीपॅप त्याच्या मेलबॉक्समध्ये लटकलं, व्हेंडर म्हणतोय मी पाठवलंय, आमच्याकडे अप्रूव्हल नाही, आणि लाइनला माल लागतोय. शेवटी डेव्हिएशनवर माल उचलला आणि ओरडा मी खाल्ला.

तेव्हा तू बसून एक शीट बनव. कोणत्या व्हेंडरचं कोणतं पीपॅप कुठे अडकलंय, कोणाकडून काय यायचंय. कोणत्या एट-डी अजून उघड्या आहेत, आणि त्यात कृती होऊन परिणाम तपासायचा राहिलाय का नुसतं उत्तर आलंय, हा फरक लिही, कारण नवीन माणसाला दोन्ही "क्लोज्ड"सारखंच दिसतं. आणि कंपनीची कोणती गेजेस, फिक्स्चर कोणत्या व्हेंडरकडे पडून आहेत आणि त्यांचं कॅलिब्रेशन कधी संपतंय. ही शेवटची गोष्ट कोणाच्याच शीटमध्ये नसते, ती माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर निघून जाते.

शीट पत्राला जोडू नको, पत्रात फक्त म्हण की यादी अमुक तारखेपर्यंत देतो. आणि खरंच दे. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दिलीस तर १७ चं मागायला तुला तोंड राहील.

---

झूमबराबर

हे मात्र भारी. आयटीत पण चालेल, गेज काढून पासवर्ड घालायचे.

---

चाकण_रिटर्न

अपडेट. डिक्लरेशनचा मेल गेला. मॅनेजरने बोलावून विचारलं की आत्ताच का, म्हटलं ऑडिटची लिस्ट आली तेव्हा लक्षात आलं, जे खरंच आहे. तो "बरं केलंस" एवढंच म्हणाला आणि लिस्टमधून नाव काढलं. तळवड्याच्या व्हेंडरचं काम चालू आहे, अजून तरी.

पत्र नव्याने लिहिलं, बघा:

"सर, मी (पद, एम्प्लॉयी कोड) या पदाचा राजीनामा देत आहे. कौटुंबिक व्यवसायात सामील होण्यासाठी मी हा निर्णय घेतला आहे. नियुक्तिपत्रातील दोन महिन्यांच्या नोटीसप्रमाणे ३१ ऑक्टोबर २०२६ हा माझा कामाचा शेवटचा दिवस येतो. शक्य असल्यास मला १७ ऑक्टोबर रोजी कार्यमुक्त करावे ही विनंती, उर्वरित काळाची वसुली नियुक्तिपत्रातील कलमाप्रमाणे मला मान्य आहे. माझ्याकडील व्हेंडरनिहाय प्रलंबित कामांची यादी १५ सप्टेंबरपर्यंत देतो आणि नवीन सहकाऱ्यासोबत व्हेंडर भेटी करून देतो. ट्रेनी म्हणून आलो तेव्हापासून आपण आणि टीमने जे शिकवलं त्याबद्दल मनापासून आभार."

अप्रेजलचं वाक्य काढलं. मन मोकळं झालं नाही पण ठीक आहे.

---

खडूस_चहा

बऱ्यापैकी माणसात आलं पत्र. माझ्या हिशोबाने अजून तीन ओळी जास्त आहेत.

---

मृण्मयी_एचआर

छान. "मान्य आहे" च्या आधी "मूळ पगारानुसार" हे दोन शब्द घाल, नुसतं "कलमाप्रमाणे" सोडू नकोस, मी वर ग्रॉसचं सांगितलं ते त्यासाठीच. अप्रेजलचं बोलायचंच असेल तर एक्झिट इंटरव्ह्यूत बोल, तिथे ते ऐकायलाच बसलेले असतात. कितपत काही होतं ते विचारू नकोस.

पैशांबद्दल एक. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीये, त्यात राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करा असं आहे. बऱ्याच कंपन्यांची घडी अजून जुन्या ४५ दिवसांच्या पद्धतीची आहे. भांडू नकोस, पण मेलवर विचारून ठेव.

---

परचेसवाले_काका

पत्र ठीक. कारणाबाबत माझं मत बदललेलं नाही, पण तुझं पत्र, तुझी सही. १७ ला नाही सोडलं तर मशीन उतरायच्या दिवशी एक दिवसाची सुट्टी काढ, खंडेनवमीची पूजा वडील करतील. मशीन बसवायला कंपनीचे लोक येतात ते चार-पाच दिवस लेव्हलिंग आणि ट्रायलमध्येच घालवतात, तू तिथे नुसता उभा राहणार. तुझी खरी गरज पहिला जॉब लावायच्या वेळेला आहे.

---

चाकण_रिटर्न

काका हे बाबांना सांगतो, त्यांना पटलं तर बरं 😅

शेवटची शंका. मेलबरोबर एचआर पोर्टलवर पण राजीनामा टाकावा लागतो, आत्ता सहज आत जाऊन बघितलं, सबमिट नाही केलं. तिथे कारणाच्या ड्रॉपडाऊनमध्ये हायर स्टडीज, बेटर प्रॉस्पेक्ट्स, पर्सनल, हेल्थ आणि अदर्स एवढंच आहे. फॅमिली बिझनेस नाहीच. पर्सनल टाकू?

---

मृण्मयी_एचआर

अदर्स घे. निवडलंस की खाली रिमार्कचा रकाना उघडेल, त्यात पत्रातलीच ओळ जशीच्या तशी टाक. पत्रात एक आणि पोर्टलवर दुसरं असं ठेवू नकोस. आणि मेल व पोर्टल एकाच दिवशी कर, बऱ्याच सिस्टीम नोटीस पोर्टलवर सबमिट केल्याच्या तारखेपासून मोजतात. मेल १ ला गेला आणि पोर्टल ३ ला टाकलंस तर तुझे ३१ ऑक्टोबर सरकून २ नोव्हेंबर होतील. सबमिट केल्यावर स्क्रीनवर जी शेवटची तारीख दिसेल तिचा फोटो काढून ठेव.

---

परचेसवाले_काका

बघ, म्हणजे पोर्टलवाल्यांनाही "पर्सनल"च बरं वाटतंय.